फ्रिजचा फोटो, बाकी काही नाही

बाबांनी घरच्या ग्रुपवर पहिल्यांदा फ्रिजचा फोटो टाकला, तेव्हा मी वैशाली नगरात माझ्या ओट्याशी लाल भाजी निवडत बसले होते. फोन वाजला म्हणून ओल्या हातानेच उचलला. उघड्या फ्रिजचा फोटो होता. वर ना राम राम, खाली ना एक शब्द.

त्या ग्रुपवर आम्ही चौघंच आहोत. बाबा, बोरसीला राहणारा माझा मोठा दादा, वहिनी आणि मी. आई होती तेव्हा पाचवी ती होती आणि ग्रुप म्हणजे तीच होती. सकाळी फुलं, दुपारी कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, संध्याकाळी "जेवले का" असं तिचं चालायचं. बाबा त्या ग्रुपवर असून नसल्यासारखे. आई गेल्यानंतर ग्रुप इतका गप्प झाला की मी एकदा फोनच बिघडला का म्हणून तपासलं होतं. म्हणून त्या गप्प ग्रुपवर एकदम फ्रिज आला तेव्हा मी भाजी बाजूला सारली.

फोटो मोठा करून पाहिला. वरच्या कप्प्यात दुधाच्या दोन पिशव्या, एक दह्याचं भांडं. मधे स्टीलचे डबे, सगळे झाकण लावलेले. त्यांच्या बाजूला जॅमची बाटली. खाली अर्धी कापलेली लौकी म्हणजे दुधी, चार टमाटर, सांभाराची म्हणजे कोथिंबिरीची एक जुडी, तीही मान टाकलेली. मला त्यात एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे मान टाकलेला सांभार. बाबा शिळंपाकं खाऊन राहिले आहेत आणि आता त्यांनाच शंका आली आहे की यातलं काय चांगलं आणि काय खराब. म्हणून फोटो टाकला. दुसरं काय असणार?

दादाला तोच फोटो बघून वेगळंच दिसलं. त्याने पाच मिनिटांत फोन केला.

"पाहिला का तू? फ्रिज रिकामा आहे त्यायचा. अंडे नाही, लोणी नाही, फळ तं एक नाही. सामान पाहिजे त्यायले. सांगायची लाज वाटून राहिली म्हणून फोटो टाकला."

"रिकामा कुठं आहे? डबे भरले आहेत सगळे," मी म्हटलं.

"डब्यात काय आहे तुले कसं माहीत?"

"तुले कसं माहीत की काही नाही?"

आमच्या घरात हे असं चालतं. प्रश्नाला प्रश्न, आणि ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला कोणी विचारायचं नाही. बाबा फोनच्या पलीकडे बसले होते, हातात फोन होता, जागे होते. त्यांना फोन लावून "काय हो बाबा, फोटो कशासाठी टाकला?" असं विचारावं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. बापाच्या मनातलं विचारून घ्यावं लागणं म्हणजे आपण पोरं कसली, असं काहीतरी आमच्या डोक्यात असावं. आई कधी विचारत नसे. बाबांनी पातेल्याकडे पाहिलं की ती वाढायची, दाराकडे पाहिलं की चप्पल पुढे करायची. आम्हाला वाटायचं ते रक्तातून येतं.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर फोटोसोबत दोन शब्द लिहिण्यात त्यांचं काय जात होतं असं कोणालाही वाटेल. बाबांनी सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेनखाली उभं राहून काढली. वर, छताजवळच्या केबिनमध्ये क्रेनचा ऑपरेटर बसलेला असतो आणि खाली एक माणूस हाताच्या इशाऱ्यांनी त्याला सांगत असतो, उचल, खाली घे, डावीकडे सरकव, थांब. त्या गोंगाटात तोंडाने बोलून उपयोग नाही, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. बाबा तो खालचा माणूस होते. बोट वर करून हवेत गोल फिरवलं की टनावारी लोखंड उचललं जायचं. असा माणूस घरी आल्यावर "मीठ दे" कशाला म्हणेल? तो फक्त बोट दाखवायचा. फोनवर टाइप करणं तर त्यांना कमीपणाचंच वाटतं. आवाज रेकॉर्ड करून पाठवा म्हटलं तर म्हणतात, "एकटा बसून भिंतीशी बोलू काय? लोक म्हनतीन बुढा गेला कामातून."

तर मी दुसऱ्या दिवशी रुआबांध्याला गेले. बाबांचं घर तिथे आहे, निवृत्त होताना बांधलेलं. दोन खोल्या, समोर मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड. मी आत गेले, पदर खोचला आणि फ्रिज उघडला. बाबा खुर्चीत बसून बघत होते.

मी काय काय फेकलं ते आठवलं की अजून मला माझ्याच सपाट्याचं कौतुक वाटतं. सांभार गेला. दही आंबट झालं होतं, ते गेलं. एका डब्यात दोन दिवसांचं वरण होतं, ते गेलं. दुधाच्या पिशव्यांवरची तारीख वाचली. एकीची कालची होती, ती ओतून दिली. एका डब्यात ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. फडकं सोडलं तर आत मोठ, जिला पश्चिमेकडचे लोक मटकी म्हणतात. तिला बोटभर लांब मोड आले होते आणि वासही यायला लागला होता. नाक मुरडून तीही फेकली. बाबा खुर्चीतून जरासे उठल्यासारखे झाले, परत बसले.

"बाबा, हे असं नका ठेवत जाऊ," मी म्हटलं. "पोट बिघडलं म्हणजे?"

"हाव," बाबा म्हणाले.

मी सोबत नेलेला डबा फ्रिजमध्ये ठेवला, सिंकमधली भांडी घासली, उभ्याउभ्याच चहा घेतला आणि निघाले. स्वच्छ, चकचकीत, जवळजवळ मोकळा फ्रिज मागे ठेवून. आपण फार मोठं काम केलं असं वाटत होतं.

दोन दिवसांनी दुसरा फोटो आला. पुन्हा फ्रिज, पुन्हा मुकाट.

आता मात्र फ्रिज खरंच रिकामा होता, कारण मीच तो रिकामा केला होता. दादाला याहून मोठा पुरावा कशाला हवा? तो रेल्वेत आहे. गाडी वेळेवर सुटली पाहिजे आणि काम यादीप्रमाणे झालं पाहिजे, हा त्याचा धर्म. त्याच दिवशी ड्युटीवरून सुटून तो रुआबांध्याला गेला तो स्कूटरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून. अंडी, ब्रेड, चीज, सफरचंदं, मोठा फ्लॉवर, मशरूमचं पाकीट. मशरूम! बाबांनी आयुष्यात कधी मशरूम खाल्लेलं नाही. दादाने सगळं फ्रिजमध्ये कोंबलं, दार गुडघ्याने रेटून लावलं आणि ग्रुपवर लिहिलं, "काम झाले."

त्याच फेरीत दादाने जॅमची बाटली पाहिली. तिच्यावरची तारीख वाचून त्याने मला फोन लावला तो घाबराघुबरा होऊन.

"अवं, दोन वर्षं होऊन गेले या जॅमले! अन अर्धी बाटली संपली आहे! बाबा हे खाऊन राहिले!"

"झाकण उघडून पाहिलं का?"

"कावून?"

"उघड ना."

मग झाकणाचा आवाज. मग दादाच्या शिंका, एकामागून एक. आत हिरव्या मिरचीचा ठेचा होता. आमच्या घरात जॅमच्या बाटलीत जॅम फक्त दुकानातून घरी येईपर्यंत असतो. आईस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता, बिस्किटांच्या डब्यात सुया. दादा त्याच घरात वाढला, पण बोरसीला वहिनीने बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केल्यापासून त्याची ही विद्या गेली.

मला हसू आवरत नव्हतं, पण दादाला हसू येत नव्हतं. शिंका थांबल्यावर तो गंभीर आवाजात म्हणाला, "मी सांगतो तुले, हे असं नाही चालत. बाबायले आपल्या इथं घेऊन येतो. मागची खोली मोकळी केली मी. पलंग बी टाकला."

हे ऐकलं आणि माझं हसणं थांबलं. दादाचं मन चांगलं होतं यात शंका नाही. वहिनीही मनापासून करणारी. पण रुआबांध्याचं ते घर बाबांनी स्वतःच्या डोळ्यांसमोर एकेक वीट लावून उभं केलं. सकाळी मुनग्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा सलाम मान हलवून घेतात. शिफ्टला जाणारी पोरं सायकल हळू करून "काका" म्हणतात. बोरसीच्या मागच्या खोलीत कोण त्यांना सलाम करणार? पण एकट्या माणसाचा फ्रिज असा भरकटत असेल तर दादाला "नको" तरी कुठल्या तोंडाने म्हणू? मी "बघू" म्हटलं. आमच्या घरात "बघू" म्हणजे "हो, पण मला विचारू नका."

मग तिसरा फोटो आला. फ्रिज गच्च. दारातून फ्लॉवर डोकं बाहेर काढून बघत होता. पुन्हा एक शब्द नाही.

आता दादाने ठरवलं की रविवारी सगळ्यांनी रुआबांध्याला जमायचं आणि बाबांना बोरसीला यायचं सांगायचं. विचारायचं नाही, सांगायचं. "विचारलं तं नाही म्हणतीन," असा त्याचा हिशेब होता.

रविवारी आम्ही जमलो. दादा पलंगावर, मी दाराशी, वहिनी स्टुलावर, बाबा त्यांच्या खुर्चीत. दादाने घसा साफ केला आणि सुरू झाला. वय, तब्येत, एकटेपण, गॅस चालू राहिला तर, बाथरूममध्ये पाय घसरला तर. मग फोटो. "तीन तीन फोटो टाकले तुमी बाबा. म्हणजे तुमाले बी समजून राहिलं की आता जमत नाही." बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू असा होत गेला की जणू ते दुसऱ्याच कोणाची गोष्ट ऐकत आहेत.

"पण फोटो कावून टाकले होते?" वहिनी मधेच म्हणाली.

वहिनी शाळेत शिकवते. मुलांना प्रश्न विचारण्याचे तिला पैसे मिळतात, त्यामुळे असेल, पण आमच्या घरात सरळ प्रश्न विचारणारी ती एकटीच. दादाने तिच्याकडे रागाने पाहिलं. तिने फोन काढला.

"मी काय केलं सांगू? तो तिसरा फोटो मी माझ्या फोनमधल्या असिस्टंटले दिला. शाळेचे पेपर करायले वापरते ना मी, तोच. काहीच लिहिलं नाही. नुसता फोटो टाकला अन पाठवला. म्हटलं, पाहू याले तरी काही समजते का."

"मग? काय म्हणाला?" मी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. उत्तर हिंदीत होतं, कारण ती त्याच्याशी हिंदीतच बोलते. त्याचं म्हणणं असं होतं, की फोटोत दूध, अंडी, ब्रेड, चीज, फ्लॉवर, अर्धी लौकी, टमाटर, सफरचंदं, मशरूमचं पाकीट, जॅमची बाटली आणि काही बंद स्टीलचे डबे दिसतात. डब्यांच्या आत काय आहे ते दिसत नाही आणि पाकिटांवरच्या तारखा या फोटोत वाचता येत नाहीत. कापलेली लौकी मात्र लवकर वापरलेली बरी. मग शेवटी विचारलं होतं, तुम्हाला यातून काय बनवता येईल ते हवं आहे, की कोणती वस्तू आधी संपवावी किंवा खराब झाली असेल ते बघायचं आहे, की बाजारातून काय आणायचं याची यादी हवी आहे?

दादा हसला. "पाहा! एवढं मोठं मशीन, अन त्याले बी समजलं नाही. उलटं तुलेच विचारून राहिलं."

मीही हसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. म्हटलं, बघ, बापाचा फ्रिज मशीनला कळत नाही, तो पोरांनाच कळतो.

तेव्हा बाबांनी उजवा हात बाजूला सरळ काढला, तळवा खाली केला आणि आडवा जोराने फिरवला. लहानपणी आम्ही हा हात जेवणाच्या ताटावर, भांडणाच्या मधे, टीव्हीसमोर इतक्यांदा पाहिला आहे की अंगवळणी पडला आहे. हा क्रेनचा इशारा आहे. थांब. दादा वाक्याच्या मधेच थांबला.

"कोनं इचारलं म्हंतलं?" बाबा वहिनीला म्हणाले.

"या फोननं, बाबा."

"अन तुमी?" त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "तुमी कोनी इचारलं मले?"

दादा पलंगावरच्या चादरीची सुरकुती सरळ करायला लागला.

"आमच्या इथं," बाबा म्हणाले, आणि "आमच्या इथं" म्हणजे त्यांच्या तोंडी प्लांटच, "वरच्या ऑपरेटरले खालचा इशारा समजला नाही तं तो लोड हलवत नाही. घंटी वाजवते अन थांबते. खालचा मानूस परत इशारा देते. मंग हलवते. तुमी तं लोड उचलून पळालेच! एक इकडे पळाली, एक तिकडे पळाला. एकीनं फ्रिज खाली केला, दुसऱ्यानं भरला. मी एकटा काय काय थांबवू?"

दादाची मान खाली गेली. माझी नाही गेली. मी बाबांची पोरगी आहे, तोंड आईचं आहे.

"बाबा, पण इशारा कुठं दिला तुमी?" मी म्हटलं. "तुमी तं नुसता लोड दाखवला. फ्रिजचा फोटो म्हणजे लोड. बोट वर केलं का? खाली केलं का? नुसता लोड समोर ठेवून उभे राहिलात तर वरचा काय समजन? घंटी तो वाजवीन हो, पण आधी खालच्यालेही नीट उभं राहा लागते!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. चार माणसांत मी त्यांना पकडलं होतं आणि ते त्यांना पटलं होतं, हे दोन्ही मला दिसलं.

"मले वाटलं," ते म्हणाले, "फ्रिज दाखवला म्हंजे समजन. मानूस फ्रिज कावून दाखवते? याच्यात काय बनते, हे इचाराले दाखवते."

"बनते?" दादा म्हणाला. "कोण बनवणार?"

"मी."

बाबा आणि स्वयंपाक! आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. आयुष्यभर ज्यांनी चहाचा कप स्वतः विसळला नाही ते बाबा. खरंच, तीन गोष्टींतली ही एक गोष्ट आमच्या दोघांच्याही मनात आली नव्हती. मशीनने मात्र ती सगळ्यांत आधी विचारली होती.

"पण बाबा, मी डबा आणते ना," मी म्हटलं. "तुमाले कशाला पाहिजे करायले?"

बाबा खिडकीकडे बघून बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं आहे.

"तुह्या डब्यासाठीच. तुही आई गेल्यापासून तू येते. डबा ठेवते, भांडे घासते, चहा बी उभ्यानं पिते, अन जाते. एक दिवस जेवून नाही गेली. लेक बापाच्या घरून उपाशी जाते, चांगलं वाटते का? मी म्हंतलं, आपनच काही करू. रविवारी ये म्हनू, बसून जेव म्हनू. मोठ भिजवली, मोड आनले. म्हंतलं, याच्यासोबत अजून काय बनन ते तुले इचारू. फोटो टाकला. तू आली अन मोठच फेकून देली."

मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला रडू आलं, तिथेच, दाराला टेकून, सगळ्यांसमोर. आणि रडता रडता रागही आला. या माणसाने "ती फेकू नको" इतके तीन शब्द बोलायला काय हरकत होती? तेवढ्यासाठीच खुर्चीतून उठले होते ना?

"मग बोलायचं ना तेव्हा!" मी म्हटलं.

"तू इतक्या हौसेनं फेकून राहिली होती," बाबा म्हणाले.

वहिनीने पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. मग दादाही हसला, आणि मग नाक पुसत मीही.

हसणं संपल्यावर वहिनीने फोन पुन्हा उचलला. "बाबा, आता याले सांगू का, काय पाहिजे ते?"

"सांग. पुढच्या रविवारी चौघाले जेवाले घालायचं आहे. बनवनारा नवा आहे."

वहिनीने तसं लिहिलं. असिस्टंट लगेच कामाला लागला, फ्लॉवर-टमाटर आणि लौकीची भाजी सुचवली, आणि जेवणानंतर गोड म्हणून ब्रेडवर जॅम लावून द्या असंही म्हणाला. दादाच्या चेहऱ्यावर शिंकेची आठवण उमटली. बाबा मात्र खूश झाले. उठून फ्रिजजवळ गेले, एकेक डबा काढून झाकण उघडून दाखवू लागले, आणि वहिनी लिहायला लागली. यात चण्याची डाळ आहे. यात भिजलेले शेंगदाणे. यात कणीक, पण मले पोळी जमत नाही, ते नको लिहू. या बाटलीत ठेचा आहे, जॅम नाही, हे पहिले लिही, नाहीतर कोनी मरन.

त्यावर उत्तर आलं की सांगितलं ते बरं झालं, बाटलीवरच्या लेबलवरून जॅम वाटला होता. आता लौकी आणि चण्याची डाळ एकत्र शिजवा, नव्या माणसाला सोपं जाईल. मग डाळ किती वेळ भिजवायची, कुकरच्या किती शिट्ट्या, फोडणी कधी, असं क्रमाने सांगितलं. बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं. आपला मोबाईल वहिनीसमोर धरून म्हणाले, "हे मले पाठव. अन शिट्ट्याचं मोठ्या अक्षरात लिही."

"पण तोवर ही लौकी राहणार आहे का?" मी न राहवून म्हटलं. "कापलेली आहे ती."

"लौकी नवीन आनीन," बाबा म्हणाले. "ही तू घेऊन जाय. तसंही तू फेकशीनच."

दादा पलंगावरून उठला. मग म्हणाला, "बाबा, मागची खोली मी तयार केली आहे."

"राहू दे ना तयार," बाबा म्हणाले. "आजारी पडलो तं येईन. आता मले स्वयंपाक शिकायचा आहे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी "बघू" म्हटलं नाही. "दादा, बाबा इथंच राहतील," असं चक्क म्हटलं. वहिनीने लगेच त्या खोलीत आपण मुलांची शिकवणी घेऊ असं जाहीर करून टाकलं. दादाच्या हातात फक्त मशरूमचं पाकीट परत न्यायचं राहिलं, ते त्याने नेलं.

पुढचा रविवार आला. मी जरा लवकरच गेले, मदत करावी म्हणून. बाबांनी मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. पोळ्या तरी करते म्हटलं, तर हात आडवा. भाताचा कुकर लागला होता, लौकी-डाळ झाली होती, कढईत मोठीची उसळ रटरटत होती. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, आणि मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, शिट्ट्यांची मोठी अक्षरं दिसतील असा. आमची आई हे बघायला हवी होती. ती आधी पोटभर हसली असती आणि मग तिने मिठाचा डबा त्यांच्या हातातून काढून घेतला असता.

आम्ही खाली बसून जेवलो. लौकीत मीठ जास्त होतं. डाळीचे काही दाणे अजून टणक होते. उसळ मात्र चांगली झाली होती, खरंच चांगली. दादाने तीनदा घेतली. वहिनीने ठेचा घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. बाबा स्वतः शेवटी बसले, आम्ही उठेपर्यंत ताटात वाढत राहिले, आणि दर वाढीला विचारत राहिले, "खारट आहे का?" आम्ही तिघांनीही "नाही" म्हटलं. आमच्या घरात खोटं बोलायची पद्धत नाही, पण त्या दिवशी आम्ही ती सुरू केली.

निघताना मी चप्पल घालत होते, तेव्हा बाबा आतून एक स्टीलचा डबा घेऊन आले. झाकणावर रबर लावलेलं. "जावयाले दे. गरम करून खाय म्हना."

घरी पोहोचले तेव्हा माझे मिस्टर नुकतेच ड्युटीवरून आले होते. त्यांनी ओट्यावरचा डबा पाहिला, रबर काढलं, झाकण उघडलं. उसळ होती, वरून कच्चा कांदा चिरून घातलेला. त्यांनी एक घास घेतला आणि विचारलं, "कुठून आणली?"

मी म्हटलं, "माहेरून."